चीनमधली यंत्रं बंद पडली तरी बिटकॉइनचे ब्लॉक दहा मिनिटांवर परत कसे आले?

मुग्धा_क

मी बारावीला संख्याशास्त्र शिकवते. मुलांना सरासरी आणि बदलाचा दर शिकवताना पुस्तकाबाहेरचं एखादं खरं उदाहरण हवं होतं, म्हणून बिटकॉइनच्या मायनिंगकडे वळले. एका जागी अडकले आहे.

२०२१ च्या मे-जूनमध्ये चीनने मायनिंगवर बंदी आणली. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजाप्रमाणे त्या एप्रिलमध्ये जगातल्या मायनिंगच्या ताकदीपैकी सुमारे ४६ टक्के चीनमध्ये होती. म्हणजे बघता बघता जवळपास अर्धी यंत्रं बंद. ब्लॉक काही दिवस रेंगाळले, आणि पुढे पुन्हा साधारण दहा मिनिटांना एक असे येऊ लागले.

डिफिकल्टी कमी झाली, एवढं मला कळतं. पण ती किती कमी करायची हे कुणी ठरवलं? जगात किती यंत्रं चालू आहेत याची नोंद तर कुठेच नाही. मग हा हिशोब नेमका कशावरून होतो?

---

सदाफुली

मुग्धाताई, हे आपोआप होतं. नेटवर्कला कळतं की किती कॉम्प्युटर जोडलेले आहेत आणि किती ताकद लागली आहे. ताकद वाढली की डिफिकल्टी वाढते, कमी झाली की कमी होते. दर ब्लॉकला थोडीथोडी बदलते. मी २०२० ते २०२२ ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम मायनिंग केलं आहे, तिथे हे रोज दिसायचं.

---

धूमकेतू

सदाफुली, दर ब्लॉकला बदल हे त्या काळच्या इथेरियमसाठी बरोबर. बिटकॉइनमध्ये तसं नाही. आणि "किती कॉम्प्युटर जोडलेत ते कळतं" हे दोन्हीकडे चूक. मुग्धाताईंच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरी सहा वर्षं पूर्ण नोड, म्हणजे प्रत्येक ब्लॉक स्वतः तपासणारा संगणक, चालवतो आहे.

बिटकॉइनला ताकद मोजताच येत नाही. त्याला कळते एकच गोष्ट: मागचे २०१६ ब्लॉक यायला किती वेळ लागला. दहा मिनिटांना एक या हिशोबाने ते १४ दिवसांत, म्हणजे १२,०९,६०० सेकंदांत यायला हवेत. लवकर आले तर काम अवघड होतं, उशिरा आले तर सोपं होतं. यंत्रं चीनमध्ये होती की टेक्ससमध्ये, दहा होती की दहा लाख, याच्याशी त्या हिशोबाला काही देणंघेणं नाही.

"काम अवघड" म्हणजे काय, तेही बघू. मायनर ब्लॉकच्या मथळ्यात एक आकडा बदलत राहतो आणि दर वेळी त्याचा हॅश काढतो. हॅश म्हणजे एक प्रचंड मोठा, आधी सांगता न येणारा आकडा. तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान निघाला तर ब्लॉक सापडला. पोत्यात एक ते एक लाख आकड्यांच्या चिठ्ठ्या आहेत आणि पन्नासच्या आतली चिठ्ठी निघेपर्यंत काढायची, काढलेली परत टाकायची, असं समजा. ही पन्नासची मर्यादा म्हणजे टार्गेट. चिठ्ठ्या काढणारे हात दुप्पट झाले तर मर्यादा पंचवीसवर आणायची, म्हणजे वेळ पूर्वीइतकाच लागेल. डिफिकल्टी हा त्याच टार्गेटचा उलटा आकडा आहे. डिफिकल्टी १ असताना एका ब्लॉकला सरासरी ४२९ कोटी प्रयत्न लागतात. २००९ मध्ये जवळपास वर्षभर ती १ वरच होती, कारण तेवढे हातच नव्हते. पहिली वाढ ३० डिसेंबर २००९ ला झाली.

बिटकॉइन कोअरमध्ये हा सगळा नियम एवढाच आहे:

```cpp
if (nActualTimespan < params.nPowTargetTimespan/4)
    nActualTimespan = params.nPowTargetTimespan/4;
if (nActualTimespan > params.nPowTargetTimespan*4)
    nActualTimespan = params.nPowTargetTimespan*4;

bnNew *= nActualTimespan;
bnNew /= params.nPowTargetTimespan;
```

लागलेला वेळ गुणिले जुनं टार्गेट, भागिले १४ दिवस. वरच्या चार ओळींचं म्हणणं इतकंच की एका खेपेला बदल चौपटीपेक्षा जास्त किंवा पाव भागापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही.

आणि हे कुणी एक जण करत नाही. माझा नोड करतो, जगातला प्रत्येक नोड करतो. सगळ्यांकडे तेच ब्लॉक, त्याच वेळा, म्हणून उत्तरही तेच येतं. एखाद्या मायनरने स्वतःच्या सोयीचं टार्गेट लिहून ब्लॉक पाठवला तर माझा नोड तो `bad-diffbits` म्हणून फेकून देतो.

---

अण्णा_नाशिक

म्हणजे दर चार वर्षांनी बक्षीस अर्धं होतं तेच ना हे? २०२४ मध्ये ६.२५ चं ३.१२५ झालं तेव्हा डिफिकल्टीही अर्धी झाली असेल.

---

धूमकेतू

नाही अण्णा, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बक्षीस दर २,१०,००० ब्लॉकांनी अर्धं होतं, ते फक्त ब्लॉक क्रमांक बघून. डिफिकल्टी दर २०१६ ब्लॉकांनी बदलते, ती वेळ बघून. बक्षीस घटल्याने काहींनी यंत्रं बंद केली तर ब्लॉक लांबतात आणि मग डिफिकल्टी उतरते. संबंध असला तर असा, आडून.

---

मुग्धा_क

पोत्याचं उदाहरण मी वर्गात वापरणार. आता २०२१ चा आकडा घालून दाखवाल का? मला तो टप्पा स्वतः फळ्यावर करायचा आहे.

---

धूमकेतू

जरूर. ब्लॉक ६,८७,४५६ ते ६,८९,४७१ हा तो टप्पा. १३ जूनच्या सुमारास सुरू झाला, ३ जुलै २०२१ ला संपला. सुरुवातीला डिफिकल्टी १९.९३ लाख कोटी होती. सगळं सुरळीत असतं तर २७ जूनच्या आसपास संपायला हवा होता. प्रत्यक्षात सुमारे १६ लाख ७९ हजार सेकंद लागले, म्हणजे १९ दिवस आणि वर साधारण दहा तास. एका ब्लॉकला सरासरी १३ मिनिटं ५३ सेकंद.

आता १२,०९,६०० ला १६,७९,००० ने भागा. ०.७२ च्या जरा वर येतं. १९.९३ ला त्याने गुणलं की १४.३६. ब्लॉक ६,८९,४७२ पासून हीच डिफिकल्टी लागू झाली. जवळपास २८ टक्क्यांची घट, आजवरची सगळ्यात मोठी.

एवढ्या एका घटीने भागलं नाही हेही बघा. त्याआधी २९ मेच्या सुमारास १६ टक्के आणि १३ जूनला पाच टक्के उतरली होती. नंतर १७ जुलैला आणखी जवळपास पाच टक्के उतरली आणि मग महिनाअखेरीस पुन्हा चढू लागली. यंत्रं एका रात्रीत बंद झाली नाहीत. एकेका प्रांतात आदेश निघत गेले, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सिचुआनची पाळी आली. हिशोब प्रत्येक टप्प्यात मागचंच बघत होता, म्हणून प्रत्येक वेळी थोडा मागे राहिला.

नोड असेल तर स्वतः पडताळता येतं:

```
bitcoin-cli getblockhash 689472
bitcoin-cli getblockheader <hash>
```

दुसऱ्या आज्ञेच्या उत्तरात `time` आणि `difficulty` दोन्ही मिळतात. ६,८७,४५६ आणि ६,८९,४७१ यांच्या `time` मधला फरक काढला की झालं.

---

इचलकरंजीकर

हा टप्पा मी स्वतः भोगला आहे. जून २०२१ मध्ये एस-नाइन जातीचं एक जुनं यंत्र घेतलं, १३.५ टेराहॅशचं. शेडमध्ये व्यावसायिक मीटरवर लावलं. दिवसाला जवळपास ३२ युनिट खायचं.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, चीनवाले बाहेर पडलेत, आता त्यांचा वाटा तुम्हाला मिळणार. म्हणून मी रोज पूलचा, म्हणजे मिळून मायनिंग करून कमाई वाटून घेणाऱ्या गटाचा, हिशोब बघायचो. तीन आठवडे कमाई जिथल्या तिथे. दिवसाला साडेआठ हजार सातोशीच्या आसपास, त्यातून पूलची कापणी वेगळी. मला वाटलं पूल फसवतो आहे. त्यांना दोन-तीन कडक मेल पाठवले. आणि जुलैच्या पहिल्या रविवारी एकदम पावणेबारा हजारांच्या घरात. यंत्र तेच, वीज तीच. त्यांनी उत्तरात "डिफिकल्टी उतरली" एवढंच लिहिलं. मला आजपर्यंत कळलेलं नाही की अर्धे लोक गेले त्याच दिवशी माझा वाटा का नाही वाढला.

---

सदाफुली

दादा, वाटा लगेच वाढलाच असणार. एकूण ताकद कमी झाली की तुमची टक्केवारी वाढते, हे साधं गणित आहे. पूलने उशिरा दिलं असेल.

---

धूमकेतू

सदाफुली, टक्केवारी वाढली हे अगदी खरं. पण ज्याची टक्केवारी, ते ब्लॉकच कमी झाले होते. दिवसाला १४४ ऐवजी साधारण १०४. वाटा वाढला आणि वाटायचं तेवढ्याच प्रमाणात घटलं. दोन्हीचा गुणाकार होता तिथेच राहिला.

इचलकरंजीकर, याकडे दुसऱ्या बाजूने बघा, अधिक सोपं जाईल. तुमच्या यंत्राला ब्लॉक सापडायची शक्यता दोनच गोष्टींवर ठरते: तुम्ही सेकंदाला किती चिठ्ठ्या काढता आणि मर्यादा कितीची आहे. शेजारचा किती काढतो याने तुमच्या चिठ्ठीला काही फरक पडत नाही. १९.९३ लाख कोटी डिफिकल्टीला तुमचं १३.५ टेराहॅशचं यंत्र एकट्याने चालवलं असतं, तर एक ब्लॉक सापडायला सरासरी २०१ वर्षं लागली असती. चीनमध्ये यंत्रं चालू असताना २०१ आणि बंद झाल्यावरही २०१. ३ जुलैला मर्यादा सैल झाली तेव्हा ती १४५ वर्षं झाली. २०१ ला १४५ ने भागा, ३९ टक्के वाढ येते. तुमच्या साडेआठ हजारांचे पावणेबारा हजार त्यातूनच झाले. पूलने तुम्हाला फसवलेलं नव्हतं.

---

इचलकरंजीकर

तीन वर्षांनी डोक्यातला गुंता सुटला. त्या पूलवाल्यांना मी फार वाईट लिहिलं होतं, त्याचं आता वाईट वाटतंय. पुढचंही सांगतो. ऑगस्टपासून कमाई दर दोन आठवड्यांनी उतरत गेली. डिसेंबरमध्ये डिफिकल्टी २४ लाख कोटींच्या वर गेली, आणि जानेवारीत मी यंत्र काढून ठेवलं.

---

रानवारा

न्यू जर्सीहून. विम्यात जोखमीचा हिशोब करतो, म्हणून मुग्धाताईंसाठी एक मुद्दा. "दहा मिनिटांना एक" ऐकून मुलांना वाटेल की घड्याळाच्या ठोक्यासारखे ब्लॉक येतात. तसं अजिबात नाही. प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्र, मागचं काही लक्षात ठेवत नाही, त्यामुळे दोन ब्लॉकांमधला वेळ घातांकी वितरणाने पसरतो. ताकद एकदम स्थिर असली तरी साधारण दर ४०३ ब्लॉकांत एकदा तासाभराचा खंड पडतो, म्हणजे तीन दिवसांतून एकदा. त्यावरून काही बिघडलं असं म्हणता येत नाही. जून २०२१ मध्ये सरासरी चौदा मिनिटांजवळ गेली, तेव्हा तोच तासाभराचा खंड रोज एकदा तरी यायला लागला होता. बिघाड ओळखायचा तर एकेक खंड बघू नका, खंडांची वारंवारता बघा.

यातूनच २०१६ चा अर्थ लागतो. ताकद तसूभर बदलली नाही तरी २०१६ ब्लॉकांचा एकूण वेळ नशिबाने सव्वादोन टक्के इकडेतिकडे होणारच. १४४ ब्लॉक मोजले तर तोच हेलकावा आठ टक्क्यांवर जातो. टप्पा लांब ठेवला तर मोजमाप स्थिर होतं, पण बातमी उशिरा कळते.

---

मुग्धा_क

हे मला फार आवडलं. पण मग उलटी शंका येते. जाणाऱ्यांची संख्या अर्ध्यावर न थांबता ९० टक्के झाली असती तर?

---

धूमकेतू

फळ्यावर करून बघण्यासारखं आहे. टप्प्याच्या पहिल्याच दिवशी ९० टक्के गेले असं धरा. एका ब्लॉकला १०० मिनिटं. २०१६ ब्लॉक यायला १४० दिवस. चार महिने आणि वर तीन आठवडे व्यवहार रांगेत. वेळ दहापट लागला, पण चौपटीची मर्यादा आहे, म्हणून डिफिकल्टी दहाव्या भागावर न येता पाव भागावरच येते. आता ब्लॉक २५ मिनिटांना एक, पुढचा टप्पा ३५ दिवसांचा. त्यानंतर कुठे दहा मिनिटं. म्हणजे जवळपास सहा महिने. मधल्या काळात नियमात आपोआप होणारी कुठलीही सुटका नाही. बिटकॉइन कोअरमध्ये हे जाणूनबुजून तसंच ठेवलं आहे.

---

सदाफुली

मग सुटका का ठेवत नाहीत? इथेरियमला होतं तसं दर ब्लॉकला करा.

---

धूमकेतू

सुटका ठेवून काय झालं ते बिटकॉइन कॅशने दाखवलं. १ ऑगस्ट २०१७ ला ते वेगळं झालं तेव्हा मायनर कमी असणार हे त्यांना माहीत होतं. म्हणून जादा नियम घातला: सहा ब्लॉकांना बारा तासांहून जास्त लागले तर डिफिकल्टी लगेच २० टक्क्यांनी उतरवायची. उतरण्याचा रस्ता असा झटपट, चढण्याचा मात्र तोच २०१६ ब्लॉकांचा.

मायनरांनी हे लगेच हेरलं. दोन्हीकडे एकच यंत्र चालतं. ते तिथून निघून जायचे, डिफिकल्टी घसरू द्यायचे आणि तळाला आली की सगळे एकदम परत यायचे. कित्येक तास ब्लॉक नाही, मग तासाभरात डझनांनी ब्लॉक. ती साखळी काही हजार ब्लॉक पुढे धावली. १३ नोव्हेंबर २०१७ ला त्यांनी तो नियम काढला आणि दर ब्लॉकला मागच्या साधारण एका दिवसावरून हिशोब सुरू केला. त्यातही लहरी उठत राहिल्या, म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा बदलला. तेव्हापासून बरंच स्थिर आहे.

---

रानवारा

माझं मत धूमकेतूंपेक्षा जरा वेगळं. बिटकॉइन कॅशचा पहिला नियम वाईट होता कारण तो एकाच दिशेने वेगवान होता. दर ब्लॉकला बदल हाच दोष नव्हे. २०२० पासूनचा त्यांचा नियम ठरल्या वेळापत्रकापेक्षा साखळी किती मागे-पुढे आहे ते बघतो, म्हणून जुनी चूकही भरून निघते. बिटकॉइनचा नियम मागची चूक विसरतो. म्हणून तर दर टप्प्यात ताकद वाढत गेली की ब्लॉक कायमचे थोडे लवकर येतात. ८,४०,००० ब्लॉक नेमक्या दहा मिनिटांनी आले असते तर तो क्रमांक डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आला असता. तो एप्रिल २०२४ मध्येच आला. पंधरा वर्षांत आठ महिने पुढे.

---

अण्णा_नाशिक

म्हणजे बक्षीस अर्धं व्हायची तारीख दर वेळी अलीकडे का सरकते, ते हे. मी समजत होतो तारीख कुणीतरी ठरवतं.

---

धूमकेतू

बरोबर अण्णा, तारीख कुणी ठरवत नाही.

रानवारा, मुद्दा मान्य. फक्त सगळ्यात ताकदवान साखळीला छोट्या साखळीसारखा पळापळीचा त्रास नाही. तिचे मायनर सोडून जाणार कुठे? त्यामुळे दोन आठवड्यांचा संथपणा तिला परवडतो असं मला वाटतं.

---

मुग्धा_क

शेवटची शंका. हिशोब ब्लॉकांच्या वेळेवरून चालतो, आणि वेळ मायनरच लिहितो. तो खोटी लिहू शकत नाही का?

---

धूमकेतू

लिहू शकतो, थोडी. मागच्या अकरा ब्लॉकांच्या मधल्या वेळेपेक्षा ती पुढची हवी, आणि नोडच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून जास्त पुढची नको. ३३६ तासांच्या टप्प्यात दोन तासांची थाप म्हणजे ०.६ टक्के. एकट्यादुकट्याने त्यात काही साधत नाही.

पण नियमात एक जुनी चूक आहे. मुग्धाताई, तुमच्या मुलांपैकी कुणी कुंपणाचे खांब मोजले असतील तर पटकन लक्षात येईल. २०१६ ब्लॉकांच्या पहिल्या आणि शेवटच्या वेळेत २०१५ च अंतरं असतात. कोड भागतो मात्र २०१६ च्या १४ दिवसांनी. त्यामुळे स्थिर ताकदीला प्रत्यक्षात दहा मिनिटं आणि सेकंदाचे तीन दशांश असा मध्य साधला जातो. तेवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते दुसऱ्या कारणाने: एका टप्प्याचा शेवटचा ब्लॉक आणि पुढच्याचा पहिला, यांच्यातलं अंतर कुणीच मोजत नाही. निम्म्याहून जास्त ताकद एका हाती असेल तर तो टप्प्याच्या शेवटच्या ब्लॉकला जास्तीत जास्त पुढची वेळ लावेल, बाकीच्यांच्या वेळा मागे रेंगाळत ठेवेल. प्रत्येक टप्पा खोटाच लांब दिसेल आणि डिफिकल्टी खाली खाली ओढता येईल. २०२४ च्या चौथ्या टेस्टनेटमध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या साखळीत, हे भोक बुजवलं आहे. तिथे टप्प्याचा पहिला ब्लॉक आधीच्या ब्लॉकपेक्षा दहा मिनिटांहून जास्त मागची वेळ लावू शकत नाही. मुख्य साखळीसाठीही प्रस्ताव आहे, पण अजून लागू झालेला नाही.

---

रानवारा

यात माझं म्हणणं एवढंच की असा हल्ला लपत नाही. वेळा आठवडेच्या आठवडे मागे पडलेल्या प्रत्येक नोडला दिसतील. लोकांना हात हलवायला सवड मिळेल.

---

धूमकेतू

दिसेल, पण दिसल्यावर काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर त्या सवडीत भांडणंच होतील. म्हणून दुरुस्ती आत्ता, शांततेत व्हावी असं मला वाटतं.

---

मुग्धा_क

कुंपणाच्या खांबांवरून मी उद्याचा तास सुरू करते. मुलांना दोन्ही ब्लॉकांच्या वेळा देणार आणि २०१५ ने भागायचं की २०१६ ने, ते त्यांनाच ठरवू देणार. इचलकरंजीकर, तुमच्या साडेआठ हजार आणि पावणेबारा हजारांचं उदाहरण, गावाचं नाव न घेता, वापरलं तर चालेल का?

---

इचलकरंजीकर

गावाचं नाव घेऊनच वापरा. जूनमधली पूलची नोंदवही अजून माझ्याकडे आहे, दिवसवार आकडे हवे असतील तर व्यनि करा.